इन्शुरन्सचे पैसे घेतले, पण पॉलिसी कुठे आहे?

*नमस्कार. माझ्या नवऱ्याची बँकेतून सुमारे अकराशे किलोमीटरवर बदली झाली आहे. मुलाची परीक्षा संपली की मेच्या शेवटी दोन बेडरूमच्या घराचं सामान हलवायचं आहे. एका पॅकर्स अँड मूव्हर्सच्या जाहिरातीखाली लिहिलं होतं, ‘सर्व्हे, पॅकिंग, लोडिंग, डिलिव्हरी, सगळं आमच्यावर सोडा. ट्रान्झिट इन्शुरन्सची सोय. सीझनची गर्दी व्हायच्या आत बुक करा.’ फोनवर त्यांनी ३८,००० रुपये आणि वर इन्शुरन्सचे ३ टक्के सांगितले. मी सामानाची किंमत अंदाजाने दोन लाख सांगितली, म्हणजे ६,००० होतात. नवरा म्हणतो, इन्शुरन्स काढून टाक, एवढं काय होणार आहे! शिवाय आत्ता मार्चच चालू आहे. इतक्या लवकर पैसे अडकवायचे का? — सामानाच्या काळजीतली वाचक*

सप्रेम नमस्कार.

पैसे भरायच्या आधी त्यांना एक फोन करा आणि एवढंच विचारा: “पॉलिसी कुठल्या विमा कंपनीची आहे, आणि तिचं सर्टिफिकेट गाडी सुटायच्या आधी मला मिळेल का?” समोरच्याने विमा कंपनीचं नाव घेतलं आणि मागच्या एखाद्या ग्राहकाचं सर्टिफिकेट नाव झाकून पाठवलं, तर बोलणं पुढे न्या. “मॅडम, आमच्या बिलातच इन्शुरन्स असतो, टेन्शन घेऊ नका” असं उत्तर आलं, तर टेन्शन घ्या.

मालवाहतुकीतल्या नुकसानीचे सर्व्हे करण्यात माझी बरीच वर्षं गेली. कपाटाचं दार निखळलंय, टीव्हीच्या पडद्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखी चीर गेलीय, आणि घरचे लोक माझ्यापुढे मूव्हरचं बिल धरून उभे आहेत, हे दृश्य मला नवं नाही. बिलात ‘इन्शुरन्स ३%’ अशी ओळ असते, खाली सही-शिक्का असतो. पण ती पैसे घेतल्याची पावती असते. तिच्यावर विमा कंपनीचं नाव नसतं, पॉलिसी क्रमांक नसतो. मग मी कोणाच्या वतीने आणि कशाचा सर्व्हे करणार?

या धंद्यात ‘इन्शुरन्स’ हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात. खरा ट्रान्झिट विमा फक्त नोंदणीकृत विमा कंपनीच देऊ शकते. मोठ्या मूव्हर्सकडे बहुधा वर्षभराची एक खुली पॉलिसी असते आणि तिच्याखाली प्रत्येक घराच्या सामानासाठी वेगळं सर्टिफिकेट निघतं. त्यावर तुमचं नाव, कुठून कुठे, सामानाची घोषित किंमत, बिल्टीचा, म्हणजे वाहतूकदार माल घेताना देतो त्या पावतीचा क्रमांक आणि बहुतेक वेळा गाडीचा नंबरही असतो. दुसरी गोष्ट म्हणजे मूव्हरने स्वतः दिलेलं वचन. तिला ‘रिस्क कव्हर’, ‘एफओव्ही’ किंवा सरळ ‘इन्शुरन्स’ म्हणतात. काही मोडलं तर आम्ही बघू, एवढाच त्याचा अर्थ. पाळणारे पाळतात. न पाळणारा “दोन हजार घ्या आणि मिटवा” म्हणतो, आणि त्याच्यापुढे ठेवायला तुमच्याकडे पॉलिसीचा कागद नसतो. दोन्हीसाठी मागितले जाणारे टक्के मात्र साधारण सारखेच असतात, म्हणून आकड्यावरून काही कळत नाही.

सर्टिफिकेट हातात आलं की विमा कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरचा ग्राहक क्रमांक शोधा आणि पॉलिसी नंबर सांगून खात्री करा. सर्टिफिकेटवर छापलेल्या नंबरला फोन करू नका. खोटा कागद बनवणारा खोटा नंबरही छापतो.

पॉलिसी खरी निघाली तरी ती कशाकशाला लागू आहे, हे एकदा वाचावं लागतं. भारतात रस्त्याने किंवा रेल्वेने जाणाऱ्या मालाच्या विम्याचे तीन ठरलेले नमुने आहेत: इनलँड ट्रान्झिट क्लॉज ए, बी आणि सी. सीमध्ये आग आणि वीज पडणं एवढंच येतं. बीमध्ये त्यांच्या जोडीला गाडीची टक्कर, गाडी उलटणं, पूल कोसळणं असे प्रकार येतात. एमध्ये जे स्पष्टपणे वगळलेलं नाही ते सगळं येतं. आता घरसामानाचं नुकसान प्रत्यक्षात कसं होतं ते बघा. गाडी उलटणं क्वचितच घडतं. खड्ड्यात गाडी आदळते आणि आतलं कपाट टीव्हीवर रेलतं, पावसाचं पाणी ताडपत्रीतून गादीवर उतरतं, एखादा खोका गहाळ होतो. हे बी किंवा सी क्लॉजच्या पॉलिसीत बसत नाही. म्हणून सर्टिफिकेटवर ‘ए’ किंवा ‘ऑल रिस्क’ लिहिलेलं हवं. गाडीत चढवताना आणि उतरवताना होणारं नुकसान धरलं आहे का, हेही विचारा. जिन्यावरून फ्रिज निसटतो तो त्याच वेळी.

‘ऑल रिस्क’ म्हणजे सगळं काही, असंही नाही. अपुरं पॅकिंग, नेहमीची झीज, वस्तूचा अंगचा दोष आणि उशिरामुळे झालेलं नुकसान यातही वगळलेलं असतं. वापरलेल्या घरसामानाच्या पॉलिसीत बहुधा आणखी अटी घातलेल्या असतात. ओरखडे आणि पोचे धरत नाहीत. बाहेरून काही लागल्याची खूण नसताना टीव्ही किंवा वॉशिंग मशीन नुसतं चालू होत नसेल, तर तेही धरत नाहीत. आणि तुम्ही स्वतः भरलेल्या खोक्यांना कव्हर नसतं, कारण आत काय होतं आणि ते कसं ठेवलं होतं, हे कोणी पाहिलेलं नसतं. काचेची भांडी प्रेमाने आपण स्वतः गुंडाळावीत असं सगळ्यांनाच वाटतं. ती नेमकी मूव्हरच्या माणसांना भरू द्या, आणि जवळ उभं राहून बघा.

आता तुमचे दोन लाख. विम्याचा हप्ता कमी बसावा म्हणून किंमत कमी सांगायची, ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे. ती किती महाग पडते, ते तुमच्याच आकड्यांवर करून दाखवतो. समजा, सामानाची आजची खरी किंमत पाच लाख आहे. दोन बेडरूमच्या नांदत्या घरात एवढी सहज भरते. कपडे, भांडी, पुस्तकं आणि गाद्या कोणी मोजत नाही म्हणून ती कमी वाटते. तुम्ही विमा दोन लाखांचा काढला. म्हणजे ४० टक्के जोखीम विमा कंपनीची आणि उरलेली ६० टक्के तुमची स्वतःची, असा कायद्याने अर्थ होतो. वाटेत ५०,००० चं नुकसान झालं. तुम्ही म्हणाल, विमा दोन लाखांचा आहे, मग पन्नास हजार पूर्ण मिळतील. तसं होत नाही. कंपनी ५०,००० चे ४० टक्के, म्हणजे २०,००० धरते आणि पॉलिसीत ठरलेली वजावट असेल तर तीही कापते. पूर्ण किमतीचा विमा काढला असता, तर त्याच ३ टक्के दराने ६,००० ऐवजी १५,००० भरावे लागले असते. नऊ हजार वाचवायला गेलात आणि या एका नुकसानीत तीस हजार गेले.

१५,००० जास्त वाटतात, हे मान्य आहे. त्यावरचा सरळ उपाय म्हणजे वस्तूवार यादी. एकगठ्ठा ‘घरसामान’ असं न लिहिता फ्रिज इतके, टीव्ही इतके, सोफा इतके अशी प्रत्येक वस्तूची किंमत वेगळी लिहायची. मग प्रत्येक वस्तूचा हिशोब तिच्यापुरता होतो, आणि जुनी पुस्तकं, प्लास्टिकचे डबे, रोजच्या चादरी अशा गोष्टी विम्याबाहेर ठेवायच्या की नाही, हे तुम्हाला ठरवता येतं. बाहेर ठेवाल त्या तसं स्पष्ट लिहून ठेवा. किंमत आजची बाजारातली लिहा, खरेदीची नको. सात वर्षांपूर्वी तीस हजाराला घेतलेला फ्रिज तीस हजार लिहिलात तर हप्ता तीस हजारावर जाईल, भरपाई मात्र जुन्या फ्रिजच्या किमतीनेच मिळेल. आणि सोफा सेटमधली एक खुर्ची मोडली तर त्या एका खुर्चीचेच पैसे मिळतात. तिला मॅचिंग मिळत नाही म्हणून नवा सेट कोणी देत नाही.

ही यादी जन्माला येते ती सर्व्हेच्या दिवशी. जाहिरातीतल्या ‘सर्व्हे, पॅकिंग, लोडिंग, डिलिव्हरी’ यातला पहिला शब्द लोक सगळ्यात सहज सोडून देतात. फोनवर “टू बीएचके आहे” एवढं ऐकून दिलेला दर म्हणजे हवेतला आकडा. माणूस घरी यावा, किंवा निदान व्हिडिओ कॉलवर सगळं घर फिरून दाखवावं. माळे, बाल्कनी, पलंगाखालचे कप्पे उघडून दाखवा. ते दाखवले नाहीत तर ऐन दिवशी “सामान जास्त निघालं” म्हणून दर वाढतो, आणि दारात टेम्पो उभा असताना तुमच्या हातात काही नसतं. त्याच भेटीत मजला, लिफ्टमध्ये सामान नेता येतं का, आणि गाडी दारापासून किती लांब उभी राहील, हे दोन्ही गावांच्या घरांसाठी लिहून घ्या.

पॅकिंगच्या दिवशी प्रत्येक नगावर नंबर चिकटवतात आणि त्याच क्रमाने यादी होते. यादीत वस्तूपुढे तिची अवस्था लिहितात. इथे डोळ्यांत तेल घालून बसा. घाईत माणसं वरपासून खालपर्यंत सगळ्याच वस्तूंपुढे ‘जुने, ओरखडे’ असं लिहून टाकतात. त्याखाली सही केलीत की नवं कपाटही कागदावर ओरखड्यांचं होतं. जिथे खोटं आहे तिथे खोडायला लावा आणि बांधायच्या आधी चारी बाजूंनी फोटो काढा. टीव्हीला बबल रॅप आणि पुठ्ठा पुरत नाही, लाकडी चौकट किंवा मूळ खोका हवा. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून बर्फ वितळू द्या. समोरून कपडे टाकायचं वॉशिंग मशीन असेल तर त्याच्या ड्रमला लावायचे वाहतुकीचे बोल्ट मॅन्युअलबरोबर कुठेतरी पडले असतील, ते शोधून लावून घ्या. दागिने, रोख आणि कागदपत्रं ट्रकमध्ये जात नाहीत, त्यांना विमाही नसतो. गॅसचा सिलिंडरही नाही, तो एजन्सीत जमा करून कनेक्शन बदलीचा कागद घ्या.

बुकिंगपूर्वी आणखी एक गोष्ट ठरवा: पूर्ण गाडी की पार्ट लोड. पार्ट लोडमध्ये दोन-तीन घरांचं सामान एकाच ट्रकमध्ये जातं. ते स्वस्त पडतं, पण वाटेत गोदामात उतरतं, दुसऱ्या गाडीत चढतं आणि तिथे काही दिवस पडूनही राहतं. नुकसान आणि गहाळ होणं, दोन्ही बहुतेक या चढउतारीतच घडतं. अकराशे किलोमीटरसाठी माझं मत पूर्ण गाडीकडे झुकतं. पार्ट लोडच घ्यायचं असेल तर नग मोजून मोजून घ्या, आणि वाटेतल्या गोदामातला मुक्काम सर्टिफिकेटात धरलेला आहे का ते बघा.

मार्चमध्ये पैसे अडकवायचे का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. एप्रिल ते जून ही या धंद्याची सुगी. शाळा संपतात, बँकांच्या बदल्या निघतात, आणि राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या बदल्या २००५ च्या कायद्याप्रमाणे साधारणपणे एप्रिल-मे महिन्यांतच होतात. त्यात भाड्याचे करार महिनाअखेरीला संपतात, म्हणजे तुमचा मेचा शेवटचा आठवडा गर्दीतल्या गर्दीचा. त्या दिवसांत भाव वाढतो, पण मला काळजी वेगळीच वाटते. रोजचे सरावलेले हमाल कमी पडतात आणि नाक्यावरून आणलेली माणसं तुमचा टीव्ही बांधतात. ज्याच्याकडे बुकिंग केलं तो काम दुसऱ्याला विकतो. पूर्ण गाडी ठरलेली असते, ती वाटेत पार्ट लोड होते. आणि सर्टिफिकेट “उद्या मेल करतो” म्हणता म्हणता ट्रक राज्याबाहेर गेलेला असतो. गाडी निघून गेल्यावर काढलेला विमा वादात सापडतो.

म्हणून मार्चमध्ये पूर्ण रक्कम देऊ नका, पण शोधाशोध आत्ताच सुरू करा. दोन-तीन ठिकाणांहून घरी येऊन सर्व्हे करून घ्या आणि एप्रिलच्या शेवटापर्यंत एक नक्की करा. टोकन थोडंच द्या. ते देताना तारीख बदलली तर काय, रद्द केलं तर किती परत, हे लेखी घ्या. तुमच्या बाबतीत हे महत्त्वाचं आहे, कारण रुजू व्हायची तारीख बँक हलवू शकते. शक्य असेल तर महिनाअखेर टाळून मेच्या मधल्या आठवड्यातला एखादा मंगळवार-बुधवार धरा. दर लेखी आणि सगळं धरून हवा. वाटेत “एंट्री टॅक्स भरायचाय”, “जकात लागली” असा फोन आला तर लक्षात ठेवा की जकात जीएसटी आला तेव्हा, २०१७ मध्येच गेली आणि वापरलेल्या घरसामानाला ई-वे बिलही लागत नाही. निघायच्या दोन दिवस आधी गाडीचा नंबर मागा आणि तोच सर्टिफिकेटवर आहे का बघा.

बिल्टीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण विमा असो वा नसो, ती तुमच्या बाजूचा दुसरा कागद आहे. २००७ च्या रस्ता वाहतूक कायद्याप्रमाणे सामान नेणाऱ्याची स्वतःची जबाबदारी असते. ‘ओनर्स रिस्क’ असा शिक्का मारला म्हणून ती पुसली जात नाही. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्याखालीही असंच म्हटलं होतं. पण त्या जबाबदारीला मर्यादा आहे. २०११ च्या नियमांप्रमाणे जास्त जोखमीचा वेगळा दर लेखी ठरवला नसेल, तर भाड्याच्या दहापट, आणि तेही तुम्ही लिहिलेल्या किमतीपलीकडे नाही. तुमच्या ३८,००० मधलं नुसतं गाडीभाडं २२,००० असेल, तर दहापट होतात २,२०,०००. पण बिल्टीच्या अर्जावर मूव्हरच्या माणसाने स्वतःच ‘किंमत ५०,०००’ असं भरलं असेल, तर वरची मर्यादा ५०,००० वर येते. हा रकाना रिकामा ठेवू नका आणि दुसऱ्याला भरू देऊ नका. विम्यात लिहिलेली किंमतच तिथेही लिहा.

डिलिव्हरीच्या वेळी रात्र झालेली असते, हमाल घाई करत असतात आणि मूल रडत असतं. ड्रायव्हर बिल्टी पुढे करतो, ‘इथे सही’. नग मोजल्याशिवाय आणि मोठ्या वस्तू उघडून पाहिल्याशिवाय ती सही करू नका. काही मोडलं किंवा कमी आलं असेल तर बिल्टीच्या त्याच प्रतीवर नग क्रमांकासह लिहा: ‘नग १४, टीव्ही, पडदा फुटलेला’. मग सही करा आणि त्याचा फोटो घ्या. ‘सामान सुस्थितीत मिळाले’ या छापील ओळीखाली कोरी सही गेली की विमा कंपनी पहिला प्रश्न तिचाच काढते. नुकसान त्याच दिवशी विमा कंपनीला कळवा, सर्व्हेअर येईपर्यंत मोडकी वस्तू आणि तिचं पॅकिंग फेकू नका. त्याचबरोबर वाहतूकदाराला लेखी नोटीस पाठवा. कायद्याने ती बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत जायला हवी, पण विमा कंपनी त्याआधीच ती मागते, कारण तिला नंतर वाहतूकदाराकडून पैसे वसूल करायचे असतात. त्या हक्काला तुम्ही धक्का लावलात, तर तुमच्या भरपाईतून ते कापलं जातं.

राहिले तुमचे सहा हजार. खरं सर्टिफिकेट, ए क्लॉज, वस्तूवार यादी हे तिन्ही देत असतील, तर किंमत दोन लाखांवरून खरीपर्यंत वाढवा आणि पैसे भरा. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, लाकडी कपाटं आणि काचसामान एवढ्याचीच यादी केलीत तरी चालेल. मूव्हर सर्टिफिकेट द्यायला तयार नसेल, तर नवऱ्याचं ऐका आणि बिलातली इन्शुरन्सची ओळ खोडायला लावा. त्या जागी एखाद्या विमा कंपनीकडे एकाच प्रवासाची ट्रान्झिट पॉलिसी वैयक्तिक नावाने मिळते का, ते थेट विचारा. तुमच्या बँकेत विम्याचं काम बघणारं कोणीतरी असेलच, तिथून सुरुवात करा.

आणि टीव्हीचा मूळ खोका अजून माळ्यावर असेल, तर तो आजच खाली काढून ठेवा.